धागा: डिप्लोमा मेकॅनिकल – कास्टिंग, फॉर्मिंग, वेल्डिंग, मशीनिंगच्या तुलनेचा तक्ता कसा मांडावा?

दुसरंवर्ष_मेकॅनिकल

नमस्कार. मायक्रोप्रोजेक्टसाठी या चार प्रक्रियांच्या तुलनेचा तक्ता करतेय. चार उभे रकाने आखले, खाली फायदे आणि मर्यादा लिहिल्या. मॅडमनी तो बघून एकच प्रश्न विचारला: "समोर एक ड्रॉइंग ठेवलं, तर हा तक्ता बघून काय निवडशील?" मला सांगता आलं नाही, कारण 'खर्च कमी' आणि 'खर्च जास्त' हे दोन्ही शब्द चारही रकान्यांत कुठे ना कुठे आलेत.

म्हणून आता एकच जॉब धरून तक्ता करायचा विचार आहे. आपल्याकडे लूम भरपूर, तेव्हा लूमच्या ड्राइव्ह शाफ्टवर बसणारा फ्लँज घेतलाय. फ्लँजचा व्यास १२० मिमी, जाडी १६, हबचा व्यास ६०, फ्लँज धरून एकूण लांबी ६०. आत ३० मिमीचा एच७ बोअर, ८ मिमीची की-वे, आणि बोल्टसाठी ११ मिमीची चार भोकं. हा चारही पद्धतींनी करायचा झाला तर प्रत्येक ठिकाणी नेमकं काय लिहू?

शाफ्टगिअर

यात विचार कसला करायचा? फोर्जिंग लिही. फोर्जिंगमध्ये ग्रेन फ्लो जॉबच्या आकाराबरोबर वळतो, म्हणून ताकद सगळ्यात जास्त. कास्टिंग ठिसूळ, वेल्डिंगचा जॉइंट कच्चा, आणि बारमधून केला तर माल वाया. चारही रकाने भरले.

पॅटर्नशॉप_अक्कलकोटरोड

ताई, जॉब चांगला निवडलात. पण रकाने आखण्याआधी एक दुरुस्ती करा. हे चार रकाने शेजारी-शेजारी बसत नाहीत. तुमचा बोअर ३० एच७ आहे, म्हणजे तो ३०.००० ते ३०.०२१ मिमीच्या आत यायला हवा. वाळूच्या साच्यातून किंवा हॅमरखालून हा माप कधीच निघत नाही, आणि वेल्डिंगनंतर तर असलेला बोअरही हलतो. म्हणजे कुठल्याही वाटेनं गेलात तरी शेवटी लेथवर यावंच लागतं. मशीनिंगला 'बारमधून पूर्ण कोरणे' या अर्थानं एक रकाना जरूर द्या, पण बाकीच्या तिन्ही रकान्यांत 'लेथवर किती काम उरतं' अशी एक आडवी ओळ हवीच. तुलना खरी त्या ओळीत होते.

आता वजनं बघा. तयार फ्लँज स्टीलचा असेल तर साधारण २ किलो भरतो.

बारमधून करायचा तर १२५ मिमीचा राउंड बार ६३ लांबीत कापावा लागेल. त्याचं वजन ६.१ किलो. म्हणजे दोन किलोच्या जॉबसाठी चार किलो चिप्स. हबच्या भोवतीचा तो सगळा माल टर्निंगनं काढायचा असतो आणि लेथचा वेळ तिथेच जातो.

कास्टिंगमध्ये दोन्ही फेसला आणि फ्लँजच्या कडेला ३ मिमी मशीनिंग अलाउन्स ठेवला, हबची बाहेरची बाजू तशीच सोडली आणि बोअरला २४ मिमीचा कोअर दिला, तर ग्रे आयर्नचं कास्टिंग २.७ किलोच्या आसपास येतं. त्यातून लेथवर निघतं ते एक किलोपेक्षा कमी.

फोर्जिंगमध्ये ३० मिमीचा आरपार बोअर एका ठोक्यात येत नाही. मध्ये पडदा राहतो, तो वेगळा पिअर्स करावा लागतो. इतक्या लहान भोकासाठी बहुतेक वेळा हब भरीवच ठोकतात. तसा तो ३ किलो होतो, आणि फ्लॅश व स्केल धरून ३.६ किलोचा तुकडा कापावा लागतो.

शाफ्टगिअर यांचं ग्रेन फ्लोचं म्हणणं बरोबर आहे. त्यात एक भर घालतो. रोल केलेल्या बारमध्ये तंतू लांबीच्या दिशेनं धावतात. त्यातून हा फ्लँज कोरला की फ्लँजच्या मुळाशी ते कापले जातात, आणि फ्लँज वाकवणारा ताण नेमका त्यांना फाडायच्या दिशेनं येतो. बार अपसेट करून फ्लँज काढला तर तेच तंतू हबमधून फ्लँजमध्ये वळतात. पण ही ताकद या जॉबला लागते का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर न देता 'फोर्जिंग लिही' म्हणणं घाईचं होईल.

बाळीवेस_वेल्डिंग

ताई, लूमचा फ्लँज तुटला असेल तर साध्या रॉडनं वेल्ड करू नका. माझ्याकडे बिडाचा ब्रॅकेट आला होता, एमएसच्या रॉडनं जोडला. वेल्ड दिसायला सुंदर झाला, आणि गार होता होता टक् असा आवाज येऊन शेजारून तडा गेला. गिऱ्हाईकाला दुसरा पार्ट घ्यावा लागला. आधी गरम करायला हवं होतं का?

दुसरंवर्ष_मेकॅनिकल

काका, फ्लँज तुटलेला नाही, तो कागदावरच आहे. मी नवीन बनवायच्या पद्धतींची तुलना करतेय. पण तडा शेजारूनच का गेला, ते मला कळून घ्यायचंय.

पॅटर्नशॉप_अक्कलकोटरोड

काका, बिडात कार्बन ३ टक्क्यांच्या वर असतो. वेल्डला लागून असलेला पातळ थर वितळतो आणि भोवतीच्या थंड धातूमुळे झटक्यात गोठतो. तिथे ग्रॅफाइट तयार व्हायला वेळच मिळत नाही, पांढरं बीड तयार होतं. ते काचेसारखं कडक. वर एमएसचा वेल्ड गार होताना आकसतो, आणि तो कडक थर ताणला न जाता फुटतो. म्हणून तुमचा वेल्ड शाबूत राहिला आणि तडा शेजारी आला.

निकेलचा रॉड घ्या, एका वेळी २५ मिमीच्या आसपासच टाका, गरम असतानाच हातोडीनं हलके ठोके द्या, आणि हाताला सोसेल इतकं गार झाल्यावर पुढचा तुकडा टाका. दुसरी रीत म्हणजे पूर्ण पार्ट चांगला तापवून वेल्ड करणं आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश गार करणं. नुसती वेल्डची जागा गॅसनं तापवली तर मात्र उलट त्रास होतो, कारण तेवढाच भाग फुगतो.

ताई, हे तुमच्या तक्त्यात बसतं. कास्टिंगच्या मर्यादेत 'ग्रे आयर्न असल्यास दुरुस्ती अवघड' असं लिहा. लूमच्या कारखान्यात तुटलेला पार्ट त्याच दिवशी चालू करायचा असतो, तेव्हा ही मर्यादा ठळक लिहा.

टर्नर_होटगीरोड

लेथवाल्याच्या बाजूनं सांगतो. कास्टिंगमध्ये चिप्स कमी निघतात हे खरं, पण तक्त्यात 'मशीनिंग सोपं' एवढंच लिहू नका. कास्टिंगच्या पातळ कडा लवकर गार झाल्या की तिथेही तेच पांढरं बीड होतं. टिप फ्लँजच्या कडेला पोचते, आवाज बदलतो, जॉब चकाकायला लागतो आणि धार जाते. शिवाय कातड्यावर चिकटलेली वाळू असते. म्हणून पहिला कट कातड्याच्या खाली जाईल इतका खोल द्यावा लागतो. अर्धा मिमीचा कट देऊन चाचपडलं तर टिप वाळूवरच घासत राहते. ३ मिमी अलाउन्स ठेवतात त्यामागे मापाइतकंच हेही कारण आहे.

दुसरं म्हणजे पोकळी. फेस स्वच्छ झाला, कड झाली, बोअर २९ पर्यंत आला आणि मग आत खड्डा दिसतो. तोवर केलेलं सगळं काम भंगारात जातं. बारमध्ये असा धोका जवळपास नसतो. हा फरक पैशात धरला पाहिजे.

दुसरंवर्ष_मेकॅनिकल

दादा, तो खड्डा ब्लोहोल की श्रिंकेज, हे लेथवर असतानाच ओळखता येतं का? पुस्तकात दोन्हींची चित्रं सारखीच दिसतात.

पॅटर्नशॉप_अक्कलकोटरोड

ओळखता येतं. टॉर्च लावून खड्ड्याची भिंत बघा. गुळगुळीत, गोलसर आणि चकचकीत असेल तर तिथे वायू अडकला होता. साच्यात ओल जास्त होती, किंवा कोअर नीट भाजला नव्हता, किंवा वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती. भिंत खडबडीत, फाटल्यासारखी आणि बारीक काटेरी असेल तर ते श्रिंकेज. तिथला धातू सगळ्यात शेवटी गोठला आणि त्याला भर मिळाली नाही.

तुमच्या फ्लँजमध्ये श्रिंकेजची जागा आधीच सांगता येते. हब आणि फ्लँज जिथे मिळतात तिथे धातूचा गठ्ठा होतो, तो शेवटी गोठतो. बोअरला कोअर देण्याचं एक कारण हेच आहे, तो गठ्ठा आतून पोकळ होतो. कोपऱ्याला ५-६ मिमीची गोलाई द्या. अगदी काटकोन ठेवला तर तिथे तडा जातो, आणि फार मोठी गोलाई दिली तर गठ्ठा पुन्हा वाढतो.

साच्यात फ्लँजचा फेस खाली ठेवायचा. मळी आणि सुटी वाळू हलकी असते, ती तरंगून वर जाते. ज्या फेसवर दुसरा फ्लँज बसणार तो तळाशी असेल तर तिथला धातू स्वच्छ मिळतो.

पॅटर्नचं माप कसं काढतात तेही तक्त्याच्या कोपऱ्यात दाखवा. १२० अधिक दोन्ही बाजूंचा ३-३ अलाउन्स म्हणजे १२६. ग्रे आयर्न मीटरमागे साधारण १० मिमी आकसतं, म्हणून १२६ गुणिले १.०१, म्हणजे १२७.३ मिमी. हाच पॅटर्न स्टील कास्टिंगला वापरला तर माप कमी पडेल, कारण स्टील जवळपास दुप्पट आकसतं.

यंत्रशाळा_शिक्षिका

फॉर्मिंगच्या रकान्याबद्दल दोन शब्द. मुलं तिथे फोर्जिंग, रोलिंग आणि शीट मेटल एकत्र लिहितात आणि मर्यादांचा गोंधळ होतो. स्प्रिंगबॅक आणि सुरकुत्या या पत्र्याच्या अडचणी आहेत. १६ मिमी जाडीच्या या फ्लँजला त्यांचा संबंध नाही. या जॉबपुरतं फॉर्मिंग म्हणजे क्लोज्ड डाय हॉट फोर्जिंग असं वरच लिहा. मर्यादाही त्याच्याच असू द्या: डायचा खर्च, डायच्या भिंतींना ५ ते ७ अंशांचा उतार, दोन डाय सरकल्यानं जॉबच्या दोन अर्ध्यांत येणारी पायरी, आणि माल कमी पडला किंवा थंड झाला तर न भरलेले कोपरे. तापमान ११५० ते १२५० अंश सेल्सिअस लिहा. त्याच्या बरंच वर गेलं तर ग्रेनच्या सीमाच वितळू लागतात, आणि तसा जळलेला माल कुठल्याही हीट ट्रीटमेंटनं परत येत नाही.

वेल्डिंगचा रकाना मात्र इथे कोणीच भरला नाही.

बाळीवेस_वेल्डिंग

तो मी भरतो, आता प्रश्न कळला. १६ मिमी तयार जाडी हवी तर २० मिमीची प्लेट घ्या. १२५ ची चकती प्रोफाइल कटिंगनं काढा, मध्ये ६० चं भोक. हबसाठी ६५ चा बार ६० ला टर्न करून त्यात बसवा. चार समोरासमोर टॅक मारा, आणि एका दमात गोल न फिरता समोरासमोरचे चतकोर वेल्ड करा. हबच्या बाजूला ८ मिमीचा फिलेट, दोन-तीन पासमध्ये.

फेसच्या बाजूला फिलेट ठेवता येत नाही, तिथे दुसरा फ्लँज टेकतो. तिथे हबला चांफर देऊन खाचेत वेल्ड भरायचा आणि फेस मारताना तो सपाट करायचा. हबकडचा वेल्ड आकसला की फ्लँज बशीसारखा त्या बाजूला ओढला जातो. त्यासाठीच प्लेट चार मिमी जास्त धरली. बोअर, फेस आणि भोकं, सगळं वेल्डिंगनंतरच. आधी बोअर करून आणला तर वेल्डनंतर शाफ्ट आत जात नाही.

शाफ्टगिअर

आणि हब ईएन८ चा घेतला म्हणजे की-वे चिरडणार नाही.

बाळीवेस_वेल्डिंग

ईएन८ घेतलात तर माझा ६०१३ रॉड चालणार नाही, मालक. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो, वेल्डच्या शेजारचा भाग कडक होऊन आतून तडा जातो. ७०१८ रॉड ओव्हनमध्ये भाजून घ्यायचा, हब दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तापवायचा आणि झाल्यावर झाकून गार करायचा. हब आणि प्लेट दोन्ही एमएसचे असतील तर ही कटकट नाही.

पॅटर्नशॉप_अक्कलकोटरोड

काकांनी रीत नेमकी दिली. वजन बघितलं तर चकती १.५ आणि हब १.६ मिळून ३.१ किलो. बारच्या अर्धा माल लागतो.

आता खर्च. खालचे दर मी फक्त गणितासाठी धरलेत, तक्त्यात घालताना तुम्ही तीन ठिकाणी विचारून स्वतःचे घाला. बार ७० रुपये किलो, चिप्सचे २५ परत, कास्टिंग १०० रुपये किलो, फोर्जिंग १२० रुपये किलो, लेथ मिनिटाला ६ रुपये.

बारमधून: माल ४२७, चिप्सचे १०१ वजा, लेथची ७० मिनिटं म्हणजे ४२०. एकूण ७४६ रुपये नग.

कास्टिंग: २.७ किलोचे २७०, लेथची ३० मिनिटं म्हणजे १८०. एकूण ४५०. दर नगाला २९६ वाचतात. पॅटर्न आणि कोअर बॉक्सचे मिळून ९,००० धरले तर ते ३१व्या नगाला वसूल होतात.

फोर्जिंग: ३ किलोचे ३६०, लेथची ३५ मिनिटं म्हणजे २१०. एकूण ५७०. डाय ६०,००० ची धरली तर बारच्या तुलनेत ती ३४१व्या नगाला फिटते. पण कास्टिंगपेक्षा नगामागे १२० रुपये जास्तच राहतात, मग नग हजार असोत की दहा हजार. म्हणून या जॉबला फोर्जिंग निवडायचं तर ते पैशासाठी नाही, धक्क्याचा भार आहे म्हणून. 'मोठ्या संख्येला फोर्जिंग स्वस्त' हे वाक्य पुस्तकात बारशी तुलना करून लिहिलेलं असतं, आणि नेमकं तेच वाचताना निसटतं.

वेल्डिंगला मालाचे २३० आणि कटिंग-वेल्डिंगची मजुरी धरली, आणि लेथचा वेळ पन्नासेक मिनिटं, तर तो बारच्या जवळपासच जातो. या मापाला वेल्डिंगमध्ये फारसं काही सुटत नाही. पण फ्लँजचा व्यास १२० ऐवजी ३०० करून बघा. बार लागेल ३६ किलोचा, वेल्डिंगला माल १२.७ किलो. तेव्हा निवड लगेच फिरते. तक्त्यात हा दुसरा व्यास घातलात तर 'लहान संख्या, मोठा आकार असेल तर वेल्डिंग' हे आकड्यांतून दिसेल.

टर्नर_होटगीरोड

गणितात रिजेक्शन धरलं नाही. दहात एक कास्टिंग बोअरला पोकळ निघालं तर माल बहुतेक फाउंड्री बदलून देते, पण माझ्या लेथची मिनिटं कोणी देत नाही. त्या एका नगाचे १८० उरलेल्या नऊवर चढवा, नगामागे २० रुपये. मग वसूल व्हायला ३१ ऐवजी ३३ नग लागतील.

पॅटर्नशॉप_अक्कलकोटरोड

मान्य. तो आकडा घाला.

शाफ्टगिअर

पैशाचं पटलं. पण लूमवर झटका असतो. लूम थांबते, परत धडकन सुरू होते. ग्रे आयर्नच्या हबमध्ये की-वेच्या कोपऱ्यातून तडा जाणार. १५ मिमीची भिंत, त्यातून की-वेची खोली गेली की पावणेबारा मिमीच उरतात.

पॅटर्नशॉप_अक्कलकोटरोड

शंका बरोबर आहे. ग्रे आयर्न दाबाला चांगलं, ताणाला कमी. एफजी २०० म्हणजे ताणाला २०० मेगापास्कल, आणि तुटण्याआधी ते जवळपास लांबतच नाही. पण 'कास्टिंग ठिसूळ' असं सरसकट लिहू नका. एसजी आयर्नचा ५००/७ ग्रेड ५०० मेगापास्कल घेतो आणि ७ टक्के लांबतो. पॅटर्न जवळपास तोच चालतो, पण त्याला ओतताना फीडिंगची काळजी जास्त घ्यावी लागते आणि किलोचा दरही वाढतो. की-वेच्या तळाच्या कोपऱ्यांना छोटी गोलाई दोन्हीकडे हवी. माझ्या मते ती असेल तर एफजी २०० सुद्धा चालेल.

शाफ्टगिअर

मोटर किती एचपीची, शाफ्ट किती आरपीएमवर आणि मध्ये क्लच आहे का, हे कळल्याशिवाय मी एफजीला हो म्हणणार नाही. एसजी असेल तर फोर्जिंगचा हट्ट सोडतो.

दुसरंवर्ष_मेकॅनिकल

आतापर्यंतचं असं मांडलंय. आकडे एका नगाचे, १२० व्यासाच्या फ्लँजचे.

| | बारमधून मशीनिंग | सँड कास्टिंग | हॉट फोर्जिंग | वेल्डिंग |
|---|---|---|---|---|
| लागणारा माल | ६.१ किलो | २.७ किलो (रनर-रायझर सोडून) | ३.६ किलो | ३.१ किलो |
| लेथवर उरलेलं काम | सगळं | बोअर, फेस, कड | बोअर भरीवातून, फेस, कड | वेल्डनंतर बोअर, फेस, कड |
| आधीचा खर्च | नाही | पॅटर्न, कोअर बॉक्स | डाय | नाही |
| इथे कशासाठी निवडावं | ३३ च्या आत नग | त्याच्या वर | धक्क्याचा भार | व्यास ३०० सारखा मोठा असेल तर |
| इथे काय बिघडतं | फ्लँजच्या मुळाशी तंतू कापले जातात | हबच्या गठ्ठ्यात श्रिंकेज, कडा कडक | पायरी, न भरलेले कोपरे | फ्लँज बशीसारखा वाकतो |

की-वे आणि बोल्टची चार भोकं चारही रकान्यांत सारखीच, म्हणून ती ओळ काढली. एफजी की एसजी, ही जागा रिकामी ठेवलीय. उद्या एका कारखान्यात जाऊन मोटरच्या प्लेटवरचा एचपी आणि आरपीएम लिहून आणते.

यंत्रशाळा_शिक्षिका

मोटरच्या प्लेटवर मोटरचाच आरपीएम असतो. पुली मोजून शाफ्टचा काढ. टॉर्क त्याच्यावर ठरतो.

टर्नर_होटगीरोड

आणि क्लच आहे का ते लूम चालवणाऱ्यालाच विचारा. सुरू करताना बेल्ट सरकतो का, हेही बघून या. बेल्ट सरकत असेल तर झटक्याचा बराच भाग तिथेच जातो, मग एफजीचं पारडं थोडं जड होईल.